रिकव्हरी कोड हातानं टाइप करायचा असेल तर बेस-३२ची कुठली अक्षरं ठेवावीत?

शिरोलीचा_सागर · सोमवार, रात्री ९:४०

करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या दूध संस्थांसाठी मी संकलनाचं ॲप चालवतो. रोजचं लिटर, फॅट, बिल सगळं सचिवांच्या फोनमध्ये असतं आणि रात्री कुलूपबंद बॅकअप वर जातो. त्याची किल्ली म्हणजे एक रिकव्हरी कोड. नोंदणीच्या दिवशी तो थर्मल प्रिंटरवर छापून देतो आणि आमच्याकडे त्याची प्रत ठेवत नाही. अशा साधारण ६०० चिठ्ठ्या वाटल्या आहेत.

गेल्या आठवड्यात एका सचिवांचा फोन दुधाच्या कॅनमध्ये पडला. चिठ्ठी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हानं पांढरी झाली होती. पण काकांनी त्याच दिवशी कोड रजिस्टरात उतरवून ठेवला होता. त्यांच्या मुलानं तो फोनवर वाचून दाखवला, मी टाइप केला, बॅकअप उघडत नाही. तीनदा वाचून घेतला, तरी तेच. दहा दिवसांवर बिलाची तारीख आहे आणि १८० सभासदांचा हिशोब त्यात अडकलाय.

कोड असा आहे (दोन-तीन अक्षरं बदलून देतोय, खरा नाही):

```
hogc-m3i9-0tvd-2klq
```

१० रँडम बाइट घेतो आणि बेस-३२ करतो. दोन प्रश्न आहेत: हा उघडायचा कसा, आणि पुढच्या चिठ्ठ्यांना कुठला अक्षरसंच घ्यावा?

---

गडहिंग्लजकर · सोमवार, रात्री १०:०५

सागरदादा, मी पतसंस्थेत क्लार्क आहे. आयएफएस कोडमध्ये आमची हीच तऱ्हा. पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, पण निम्मे लोक तिथं ओ लिहून देतात. आम्ही न विचारता शून्य करतो आणि आरटीजीएस जातं. तुम्ही पण सरळ `o` चं `0` करून बघा की. शिवाय माझा एक प्रश्न आहे: फोन बदलल्यावर सहा आकडी कोड देणारं ॲप मी नवीन फोनवर लावलं, लिहून ठेवलेली किल्ली टाकली, त्यानं ती घेतली पण, तरी येणारे आकडे चालत नाहीत. तुमचंही तसंच झालं असेल का?

---

पंचगंगाकाठ · सोमवार, रात्री १०:५०

गडहिंग्लजकर, आयएफएस कोडमध्ये जागा ठरलेली आहे. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य. पॅनमध्येही आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. म्हणून तिथं जागा बघून चूक दुरुस्त होते. सागरच्या कोडमध्ये कुठल्याही जागी काहीही येऊ शकतं, त्यामुळे जागा काहीच सांगत नाही.

तुमच्या ॲपची किल्ली बेस-३२च असते, पण तिच्यात तपासणीचं अक्षर नसतं. एक अक्षर चुकलं तरी ती एक वेगळीच पण वैध किल्ली होते. ॲप ती घेतं आणि बिनतक्रार चुकीचे सहा आकडे दाखवत राहतं. मूळ कागद समोर धरून पुन्हा टाका.

सागर, `o` आणि `0` एकाच कोडमध्ये, वर `i` आणि `l` सुद्धा. हा प्रमाण बेस-३२ नाही. कशानं बनवलास?

---

शिरोलीचा_सागर · सोमवार, रात्री ११:१०

ताई, जावास्क्रिप्टमध्ये दहा बाइटचा एक `BigInt` करून त्यावर `toString(32)`. बेस-३२ म्हणजे तेच ना?

---

पंचगंगाकाठ · सोमवार, रात्री ११:४५

पाया ३२च, पण अक्षरं वेगळी. `toString(32)` शून्यापासून नऊ आणि पुढं `a` ते `v` अशी ओळीनं बत्तीस अक्षरं घेतं. ते गणितासाठी आहे, माणसानं वाचायचं म्हणून कुणी ती निवडलेली नाहीत. त्यामुळे `0` आणि `o` दोन्ही आत, `1`, `i`, `l` तिन्ही आत. वर सगळं लहान लिपीत. थर्मल प्रिंटरच्या बारीक ठशात `l` आणि `1` वेगळे दिसणं अवघड.

याच फंक्शनची अजून एक खोड आहे: पुढची शून्यं ते छापत नाही. पहिले पाच बिट शून्य आले की कोड १५ अक्षरांचा होतो. बत्तिसात एक, म्हणजे ६०० मध्ये १८-१९ चिठ्ठ्यांवर शेवटचा गट तीनच अक्षरांचा असेल. तशा सचिवांना वाटणार की एक अक्षर छापायचं राहिलं. `padStart(16, "0")` आजच घाल.

आता काकांचा कोड. घाबरू नकोस, तो बराचसा हातात आहे. वाचलेल्या `o` जागी `o` किंवा `0`, दोन शक्यता. `i` जागी तीन, `0` जागी दोन, `l` जागी तीन. गुणाकार ३६. बॅकअप चुकीच्या किल्लीनं उघडत नाही हे तुझं ॲप स्वतःच सांगतं ना? मग तोच तुझा पारखी. एका प्रयत्नाला किती वेळ लागतो?

---

शिरोलीचा_सागर · मंगळवार, सकाळी ७:१५

कोडपासून किल्ली करायला आर्गॉन२ वापरतो, साधारण एक सेकंद लागतो. पुढं एईएस-जीसीएम, त्यामुळे चुकीची किल्ली लगेच नाकारली जाते. रात्रीच ३६ प्रयत्न चालवून बघितले. एकही लागला नाही.

---

उद्यमनगर_स्पेअर्स · मंगळवार, सकाळी १०:३०

माझा सुट्या भागांचा धंदा. गाडीचा चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात `I`, `O`, `Q` येतच नाहीत. गिऱ्हाईकानं `O` सांगितला की आम्ही डोळे झाकून शून्य लिहितो, कारण ओ असणंच शक्य नाही. कोड बनवतानाच ती अक्षरं गाळली तर ही भानगड उरणार नाही एवढं मला कळतं. बाकीचं तुम्ही बघा.

---

पंचगंगाकाठ · मंगळवार, सकाळी ११:२०

उद्यमनगर, अगदी हेच. डग्लस क्रॉकफर्ड यांच्या बेस-३२चं तत्त्व तेच आहे. ३६ आकडे-अक्षरांतून `I`, `L`, `O`, `U` गाळायची. बरोबर ३२ उरतात:

```
0123456789ABCDEFGHJKMNPQRSTVWXYZ
```

छापताना कधीच `O` छापत नाही. पण कुणी `O` टाइप केला तर कोड वाचणारा प्रोग्राम त्याला `0` समजतो, `I` आणि `L` ला `1`. चूक माणसाकडून झाली तरी अर्थ एकच निघतो. `U` गाळण्याचं कारण वेगळं: रँडम अक्षरांतून चुकून अभद्र इंग्रजी शब्द तयार होऊ नयेत म्हणून. `U` आणि `V` चा घोळ टळतो तो वरचा फायदा.

काकांचा कोड ३६ मध्ये लागला नाही म्हणजे चूक या चार जागांच्या बाहेर आहे. रजिस्टरच्या पानाचा फोटो मागव. ऐकलेल्यावर विसंबू नकोस.

---

रंकाळा_सायंकाळ · मंगळवार, दुपारी १:००

मला वाटतं प्रश्न अक्षरसंचाचा नाहीच, चेकसमचा आहे. कोडचा एसएचए-२५६ काढायचा आणि त्याचे पहिले पाच बिट सतरावं अक्षर म्हणून जोडायचे. एसएचए-२५६ पेक्षा भक्कम काय असणार? आणि अक्षरसंचातून `S`-`5`, `Z`-`2`, `B`-`8`, `G`-`6` पण काढून टाका, सगळंच स्वच्छ होईल.

---

शाळामास्तर_कागल · मंगळवार, दुपारी ३:२५

मी निवृत्त शिक्षक, मला संगणकातलं फार कळत नाही. पण त्या कोडमधला `9` मला खटकतो. आमच्या पिढीची माणसं इंग्रजी अक्षरं लिहितात आणि आकडे मात्र हाताच्या सवयीनं मराठीत काढतात. मराठी १ इंग्रजी अक्षरांच्या रांगेत बसला की हुबेहूब 9 दिसतो. चाळीस वर्षं वह्या तपासल्या, हे शेकडो वेळा पाहिलं. आणि या कोडमधले बाकीचे आकडे बघा: शून्य, दोन, तीन. हे तिन्ही दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणजे पान मराठी आकड्यांचं आहे हे वाचणाऱ्या पोराला कळायला जागाच नाही. सात किंवा पाच असता तर त्याच्या लगेच लक्षात आलं असतं.

---

पंचगंगाकाठ · मंगळवार, दुपारी ३:५०

मास्तर, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सागर, `9` च्या जागी चार शक्यता धर: `9`, `1`, आणि शिवाय `i`, `l`. कारण काकांनी चिठ्ठीवरचा `l` एक समजून मराठी १ काढला असेल तर मूळ अक्षर आकडा नव्हतंच. ३६ गुणिले ४, १४४ प्रयत्न. अडीच मिनिटांचं काम.

---

शिरोलीचा_सागर · मंगळवार, सायंकाळी ६:०५

उघडला!

`9` होता तो मुळात `l`. काकांनी चिठ्ठीवरचा `l` एक म्हणून वाचला, मराठी १ लिहिला, आणि पाच महिन्यांनी पोरानं त्याला नऊ म्हटलं. फोटो पण आला: १ ची शेपटी सरळ खाली ओढलेली आहे, मी असतो तर मीही नऊच वाचला असता. बाकी `0` पण `o` निघाला. मास्तर, काकांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. हिशोब सगळा जागेवर आहे.

आता पुढच्या चिठ्ठ्यांचं सांगा. क्रॉकफर्ड घेतला तर त्यातही `1` आणि `9` दोन्ही आहेतच की.

---

पंचगंगाकाठ · मंगळवार, रात्री ९:३०

आधी रंकाळा यांच्या दोन सूचना, कारण दोन्ही पटकन पटतात.

सगळी सारखी दिसणारी अक्षरं काढायची म्हटलं तर मोजून बघा. `0O` मधून एक ठेवायचं, `1IL` मधून एक, `2Z`, `5S`, `6G`, `8B`, `UV` मधून प्रत्येकी एक. ३६ मधून आठ गेली, २८ उरली. बेस-३२ला ३२ लागतात, तरच एका अक्षरात नेमके पाच बिट बसतात आणि दहा बाइट बरोबर सोळा अक्षरांत मावतात. २८ अक्षरांवरही कोड करता येतो, ८० बिटना १७ अक्षरं लागतील, पण मग बिट पाच-पाचनं तोडता येत नाहीत, मोठ्या संख्येचे भागाकार करावे लागतात. म्हणजे ३२ ठेवायची तर थोडे जुळे राहणारच, आणि त्यांच्यासाठी तपासणीचं अक्षर हवं.

एसएचए-२५६ चं म्हणाल तर पूर्ण हॅश भक्कम आहे, त्याचे पाच बिट नाहीत. एकच अक्षर चुकलं तरी बत्तिसात एकदा तेच पाच बिट येतील आणि चूक निसटेल. क्रॉकफर्डची तपासणी साधी आहे: अख्ख्या कोडला एक संख्या समजायचं आणि ३७ नं भागून बाकी घ्यायची. ३७ मूळ संख्या आहे आणि ३२ पेक्षा मोठी, म्हणून एका अक्षराची चूक कधीच निसटत नाही, शेजारची दोन अक्षरं उलटी झाली तरी सापडते. दोन-तीन चुका एकदम झाल्या तरच साधारण ३७ मध्ये एक निसटायची शक्यता.

हातानं करून दाखवते. `Kolha` या शब्दाचे पाच बाइट घेऊ. त्यांचे ४० बिट पाच-पाचनं तोडले:

```
01001 01101 10111 10110 11000 11010 00011 00001
  9     13    23    22    24    26    3     1
  9     D     Q     P     R     T     3     1
```

तपासणी अशी:

```
A = "0123456789ABCDEFGHJKMNPQRSTVWXYZ"
r = 0
for c in "9DQPRT31":
    r = (r * 32 + A.index(c)) % 37
```

बाकी २४ येते, २४ वं अक्षर `R`. चिठ्ठीवर छापायचं `9DQP-RT31-R`. आता शेवटचा `1` कुणी मराठीत लिहिला आणि दुसऱ्यानं 9 वाचला समजा. `9DQPRT39` ची बाकी ३२ येते, २४ नाही. ॲप तिथंच थांबवून म्हणू शकतं, "एखादं अक्षर चुकलंय, १ आणि 9 नीट बघा." बॅकअपला हात लावायच्या आधी, आणि नेट नसतानाही.

---

शिरोलीचा_सागर · मंगळवार, रात्री १०:१०

एक अडचण. बाकी ३२ ते ३६ आली तर? बत्तीसच अक्षरं आहेत.

---

पंचगंगाकाठ · मंगळवार, रात्री १०:४०

क्रॉकफर्डनी त्यासाठी `*`, `~`, `$`, `=` आणि `U` ठेवलेत. पण सचिवांना फोनच्या कीबोर्डवर `~` शोधायला लावणं मला पटत नाही, आणि गाळलेला `U` मागच्या दारानं परत येतो. तुझा कोड रँडम आहे, म्हणून सोपा मार्ग आहे: बाकी ३२ किंवा जास्त आली की तो कोड टाकून दे आणि नवीन दहा बाइट घे. सरासरी ३७ मध्ये ५ वेळा पुन्हा घ्यावा लागेल. त्यानं ८० पैकी पाव बिटसुद्धा जात नाही. किल्ली आधीच ठरलेली असती तर हे जमलं नसतं.

आणि टाइप केलेलं साफ करताना तीनच गोष्टी कर. मराठी कीबोर्डवरून आलेले ०–९ इंग्रजीत बदल, मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढ (फोन साध्या रेघेची लांब रेघ करतो, ती पण), आणि सगळं मोठ्या लिपीत करून `O`, `I`, `L` बदल. बाकी काही अनोळखी अक्षर आलं तर गपचूप गाळू नकोस, कितव्या जागी आहे ते दाखव.

---

रंकाळा_सायंकाळ · बुधवार, सकाळी ८:५०

पाच बिटांचं पटलं, मी हॅशच्या नावावर गेलो. पण मग ॲपनंच `5`-`S`, `8`-`B` आलटून पालटून, जो तपासणीत बसेल तो कोड का घेऊ नये? माणसाला त्रासच नको.

आणि दुसरं, आरएफसी ४६४८ चा प्रमाण संच का नको? `A` ते `Z` आणि `2` ते `7`. `0`, `1`, `8`, `9` आकडे त्यात नाहीतच. मास्तरांचा १ नऊ म्हणून वाचला तर `9` संचातच नाही, लगेच कळेल. पायथनच्या `b32decode` मध्ये `map01` पण आहे, शून्याचा `O` आणि एकाचा आपण सांगू ते अक्षर करून देतं.

---

पंचगंगाकाठ · बुधवार, सकाळी १०:१५

दुसरा मुद्दा चांगला आहे, आणि मोठ्या लिपीत छापलं तर मला त्याला पूर्ण उत्तर नाही. `1` चा `I` करायचा की `L` हे छपाईवर ठरतं, पण मोठ्या लिपीत `L` एकासारखा दिसत नाही. मराठी ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो, आणि तिथं मात्र धोका आहे: `8` संचात नाही म्हणून कुणी हौसेनं त्याचा `B` केला तर मूळ `4` चा `B` होतो. म्हणजे `8` आला की बदलायचं नाही, विचारायचं. तपासणीचं अक्षर या संचालाही जोडावंच लागेल, प्रमाणात ते नाही. मी क्रॉकफर्डच घेईन, पण आरएफसी घेणाऱ्याला चूक म्हणणार नाही.

पहिल्या मुद्द्याला मात्र स्पष्ट नको. ३७ ची तपासणी एका चुकीच्या कोडला साधारण ३७ मध्ये एकदा हो म्हणते. तू तिला वीस पर्याय दाखवलेस तर त्यातला एखादा भलताच बसायची शक्यता चाळीस टक्क्यांवर जाते. तपासणी एकदा वापरायची, चूक सांगायला. दुरुस्ती माणसानं कागद बघून करायची, किंवा काकांच्या वेळी केली तशी, प्रत्यक्ष बॅकअप उघडून.

---

शाळामास्तर_कागल · बुधवार, दुपारी १२:३०

मला एक सुचवायचं आहे. अक्षरांऐवजी मराठी शब्दच का देऊ नयेत? "नांगर, विहीर, पाटी, कोयता" असे. काका ते फोनवर सांगतील तेव्हा बी, डी, पी, व्ही सारखे ऐकू येण्याचा प्रश्नच येणार नाही.

---

पंचगंगाकाठ · बुधवार, दुपारी १:१०

मास्तर, २०४८ शब्दांची यादी असली तर एका शब्दात ११ बिट, म्हणजे आठ शब्दांत काम होतं. ऐकायला नक्कीच चांगलं. पण टाइप करताना विहिर का विहीर? ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं सगळी माफ करावी लागतील, आणि माफ केल्यावर दोन शब्द एक होत नाहीत ना हे अख्ख्या यादीवर तपासावं लागेल. अशी यादी कुणीतरी बसून करायला हवी.

---

शाळामास्तर_कागल · बुधवार, दुपारी १:४०

ते काम मला द्या. पहिल्या दोन अक्षरांवरूनच शब्द ओळखता येईल अशी यादी करता येते का ते बघतो, वेलांटी उकार सोडून.

---

गडहिंग्लजकर · बुधवार, दुपारी ३:००

ताई, माझी किल्ली उघडली. `S` ला पाच लिहिलं होतं मी.

---

शिरोलीचा_सागर · बुधवार, रात्री ९:२०

ठरवलेलं सांगतो. नवीन चिठ्ठ्या क्रॉकफर्डच्या अक्षरांत, मोठ्या लिपीत, चार-चारचे चार गट आणि शेवटी तपासणीचं एक अक्षर. चिठ्ठीच्या खाली एक ओळ: "आकडे इंग्रजीतच लिहा." थर्मल कागद बंद, संस्थेच्या लेटरहेडवर लेझर प्रिंट.

जुन्या ६०० सचिवांना नवीन कोड देताना फोन चालू असेपर्यंत जुना लागत नाही, ॲपच नवीन किल्लीनं बॅकअप पुन्हा बांधू शकतं. त्यामुळे पुढच्या बिलाच्या फेरीत एकेका संस्थेत जाऊन हे करणार आहे, सुरुवात १५ अक्षरांच्या चिठ्ठ्यांपासून. पण नोंदणीच्या यादीत कोड नाहीत, त्यामुळे त्या कुणाकडे आहेत हे कळायला मला आधी सगळ्यांना चिठ्ठीची अक्षरं मोजायला सांगावं लागेल. व्हॉट्सॲपवर विचारलं तर लोक अख्ख्या चिठ्ठीचा फोटोच टाकतील ही भीती आहे. हे कसं विचारावं?

---

उद्यमनगर_स्पेअर्स · बुधवार, रात्री ९:४५

फोन करून एवढंच विचारा, "शेवटच्या गटात किती अक्षरं आहेत, तीन का चार?" आकडा सांगतील, कोड नाही.